हरळी, धागा आणि गालिचा

चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात पवनेच्या काठी जी दूर्वा भक्तिभावाने वाहिली जाते, तीच दूर्वा दोन-चार कोसांवरच्या शेतकऱ्याच्या बांधावर उगवली म्हणजे हरळी या नावाने ओळखली जाते आणि तिच्या नायनाटासाठी त्याच्या तीन पिढ्या कुदळ घेऊन राबलेल्या असतात. आणि त्याच वनस्पतीची, अमेरिकेत जॉर्जिया प्रांतातील टिफ्टन येथे एका आफ्रिकी सोयरिणीशी संकर करून १९६० साली प्रसृत झालेली संतती आज जगातील उष्ण प्रदेशांतल्या असंख्य क्रीडांगणांवर पसरलेली आहे. ही संतती वंध्य असल्यामुळे तिचे बी मिळत नाही. उसासारखे तिचे बेणेच लावावे लागते. क्रीडांगणाच्या पृष्ठभागाविषयी लिहिताना आरंभ या क्षुद्र तृणापासून करण्याचे कारण एवढेच की, नैसर्गिक हिरवळ, संकरित हिरवळ आणि कृत्रिम गालिचा या त्रयीची तुलना आपल्या भागात बहुधा विलायती पुस्तकांवरून केली जाते. त्या पुस्तकांतले गवत थंड हवेतले असून ते झुबक्याने वाढते आणि बहुधा उपटले की उपटलेच राहते. आपली हरळी मात्र जमिनीवर आणि जमिनीखाली दोन्ही अंगांनी धावते व पडलेली भेग स्वतःच शिवते. तुलनेचे अर्धे निष्कर्ष या एका भेदाने बदलतात, हे पुढे दिसेल.

ज्या पुस्तिकेची ही प्रस्तावना आहे ती पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कारखान्यांच्या क्रीडासमित्या, शाळांचे व्यवस्थापक आणि मैदानांची प्रत्यक्ष निगा राखणारे माळी यांच्यासाठी सिद्ध झाली आहे. या पट्ट्यात मोशी, चिखली, रावेत, वाकड अशा गावांच्या शिवारात, जेथे काल ज्वारी होती तेथे आज जाळीच्या पिंजऱ्यात दिव्यांच्या उजेडात तासाच्या भाड्याने क्रिकेट व फुटबॉल चालतो, आणि ‘टर्फ’ हा शब्द इतका रुळला आहे की, दुसरी पाळी संपवून रात्री अकरा वाजता घरी न जाता ‘टर्फवर’ जाणाऱ्या तरुणाला त्या शब्दाचा मूळ अर्थ गवताचा थर असा आहे हे सांगितल्यास तो थट्टाच समजेल. मागणी खरी आहे आणि जागा तुटपुंजी आहे. त्यामुळे ‘गवत की गालिचा’ हा प्रश्न समितीच्या बैठकीत येतो तेव्हा तो सहसा रंगाचा आणि निविदेतल्या आकड्याचा प्रश्न होऊन बसतो. माझे म्हणणे असे की, डोळ्यांना दिसणारा वरचा बोटभर थर हा या प्रश्नातला सर्वांत गौण भाग आहे. चेंडू किती उसळेल, खेळाडू किती लवकर थकेल आणि तिजोरीतून दरवर्षी किती जाईल, या तिन्हींचा निवाडा त्या थराच्या खाली काय घातले आहे यावर होतो.

प्रथम उसळीचे पाहू. इंग्लंडात १९८१ साली क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल संघाने आपल्या लंडनच्या मैदानावर कृत्रिम पृष्ठभाग अंथरला, पुढे ल्यूटन, ओल्डहॅम व प्रेस्टन येथील संघांनी त्याचे अनुकरण केले, आणि थोड्याच काळात अशी कुप्रसिद्धी झाली की त्या जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू खेळाडूंच्या डोक्यांवरून निघून जातो. आखूड धाग्याचा, वाळू भरलेला तो गालिचा कठीण बैठकीवर घट्ट बसवलेला होता. जमिनीने चेंडूची शक्ती गिळावयाची असते, ती तो गिळतच नव्हता. या अनुभवातून पुढे मापे आली. आज आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाची सर्वोच्च प्रतीची पसंती मिळवण्यासाठी गालिच्यावर दोन मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू साठ ते पंच्याऐंशी सेंटीमीटर इतकाच उसळावा लागतो, आणि एक मीटर उंचीच्या उतारावरून सोडलेला चेंडू चार ते आठ मीटरांच्या आत थांबावा लागतो. ज्या चेंडूने ही परीक्षा घ्यावयाची तो आधी काँक्रीटवर टाकून सुमारे एक मीटर पस्तीस सेंटीमीटर उसळतो की नाही, हे पाहून घेतात. म्हणजे काँक्रीटच्या मानाने चांगली जमीन चेंडूची उसळी जवळजवळ निम्म्यावर आणते, असे ढोबळपणे म्हणता येईल. ही परीक्षा कोणत्याही माळ्याला करता येते: भिंतीवर किंवा बांबूवर खडूने खुणा कराव्यात, एकाने चेंडू सोडावा, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावे, आणि मध्यभाग, गोलपुढची जागा व कोपरा अशा निदान तीन ठिकाणी पाच-पाच वेळा पाहून सरासरी काढावी. तीन ठिकाणच्या सरासरीत मोठी तफावत आढळली तर मैदान एक नसून तीन आहेत असे समजावे, आणि खेळाडू घसरून पडल्यास त्याच्या बुटाला दोष देऊ नये.

आपल्याकडच्या नैसर्गिक मैदानाची खरी अडचण गवतात नसून काळ्या मातीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसून तडकते. एप्रिलमध्ये तिच्यावर चेंडू फरशीवर आपटल्यासारखा उसळतो आणि जुलैत त्याच जागी मेल्यासारखा पडून राहतो. मुरमाच्या मैदानाची तऱ्हा निराळी, तेथे उसळी बारमाही असते, पण दर टप्प्याला दिशा बदलते. यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे माती बाजूला सारून वाळूची बैठक तयार करणे. शहराच्या वेशीवर गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे जे मैदान २०१२ साली खुले झाले, त्याचे बाह्यक्षेत्र अशा वाळूवर उभे आहे, म्हणून पाऊस थांबल्यावर तेथे खेळ लवकर सुरू होऊ शकतो. प्रचलित रचनेत तळाला दहा सेंटीमीटर खडी व तीत पाण्याच्या नळ्या, आणि वर तीस सेंटीमीटर चाळलेली वाळू असते. फुटबॉलच्या १०५ गुणिले ६८ मीटर मैदानाचे क्षेत्रफळ ७१४० चौरस मीटर भरते. त्यावर तीस सेंटीमीटर वाळू म्हणजे सुमारे २१४० घनमीटर, आपल्या ठेकेदारांच्या भाषेत साडेसातशे ब्रासच्या पलीकडे. येथेच पहिला घात होतो. नदीची वाळू दुर्मिळ व महाग, म्हणून बेसाल्ट फोडून केलेली क्रश सँड आणली जाते. बांधकामाला ती उत्तम असेल, परंतु तिच्यातली भुकटी धुऊन काढली नाही तर दोन पावसाळ्यांत ती दाणेदार थरात शिरून त्याचा चिरा बनवते. ओळखण्याची खूण सोपी आहे: काचेच्या बाटलीत मूठभर वाळू व पाणी घालून हलवावे, दाणे क्षणात तळाशी बसतात, आणि वरचे पाणी तासाभरानेही गढूळच राहिले तर तो ट्रक फाटकाबाहेर परत पाठवावा. चाळणीची प्रयोगशाळेतील परीक्षा याच्या वर हवीच, पण बाटलीची परीक्षा फाटकावर होते, आणि देयक मंजूर होण्यापूर्वी होते, हा तिचा मोठा गुण.

गालिच्याच्या बाबतीत हाच घात दुसऱ्या रूपाने होतो. या पट्ट्यातील एका कारखान्यात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) गाड्या उभ्या करण्याच्या जुन्या काँक्रीटच्या जागेवर मधला लवचिक थर न घालता सरळ गालिचा अंथरला गेला. निविदेत त्या थराची तरतूद होती. काटकसरीच्या बैठकीत ती रद्द झाली. वर धागा हिरवागार, भरणी ठाकठीक, उद्घाटन थाटात. आणि चौथ्या महिन्यापासून कामगारांच्या गुडघ्यांच्या व नडग्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. मी त्या वेळी तेथील कामगार-कल्याण विभागात होतो आणि प्रारंभी त्या तक्रारी रजेचे निमित्त समजत होतो, हे कबूल करणे भाग आहे. पुढे चेंडू टाकून पाहिला तो एक मीटरच्या वर गेला, तेव्हा डोळे उघडले. जी जमीन चेंडूला परत फेकते ती पायालाही परत मारते, हे इतके उघड सत्य समजावयास आम्हाला एक क्रीडाहंगाम लागला.

थकव्याचा विषय मात्र ‘कठीण वाईट, मऊ चांगले’ इतक्या सोप्या सूत्रात बसत नाही. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, कोरड्या वाळूत धावताना कठीण जमिनीच्या मानाने सुमारे १.६ पट शक्ती खर्च होते. पाय खाली जातो आणि त्यात घातलेली शक्ती परत मिळत नाही. आषाढातल्या चिखलात नव्वद मिनिटे खेळलेल्या माणसाच्या मांड्यांना हे संशोधन वाचावे लागत नाही. याच्या उलट अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मॅकमॅहन व ग्रीन या दोघांनी १९७० नंतरच्या दशकात धावपट्टीची लवचिकता पायाच्या लवचिकतेशी जुळवून पाहिली, तेव्हा धावण्याची गती शेकडा दोन-तीन वाढली, आणि दुखापतीही घटल्या. तात्पर्य, जमीन किंचित दबावी आणि दबलेली वेळेवर परतावी. उत्तम गालिच्याने आघाताचा साठ ते सत्तर टक्के भाग शोषावा अशी अपेक्षा असते. चांगल्या ओलीत राखलेली हरळीही त्याच आसपास वागते. मग दोहोंत फरक कोठे? स्वीडनमधील वरच्या श्रेणीच्या फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, दोन्ही पृष्ठभागांवर ते धावले सारखेच अंतर, परंतु गालिच्यावर घसरून चेंडू काढण्याचे प्रसंग कमी व आखूड पासांचे प्रमाण जास्त होते. आणि पुरुष खेळाडूंनी मात्र गालिच्यावर अधिक श्रम झाल्याचे सांगितले. मोजमाप सारखे आणि अनुभव निराळा, याचा अर्थ खेळाडू खोटे बोलत होते असा कोणी लावू नये. बुटाची पकड, वळताना पायाचे अडकणे, त्वचा सोलवटण्याचे भय, या सर्वांनी शरीर सतत सावध राहते, आणि सावधपणालाही शक्ती लागते, असा माझा तर्क आहे. आमच्याकडे याला आणखी एक कारण जोडावे लागते. आठ तास काँक्रीटच्या फरशीवर उभा राहून मग खेळावयास आलेला जोडारी हा स्वीडनच्या व्यावसायिकासारखा ताज्या पायांनी येत नाही. त्याच्यासाठी दोन मिलिमीटर अधिक दबणारी जमीन हा चैनीचा विषय नव्हे.

उष्णतेचा प्रश्न वेगळा आणि निर्णायक आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ साली मोजणी झाली, तेव्हा कडक उन्हात तापलेला गालिचा पाणी मारल्यावर ७९ अंश सेल्सियसवरून २९ अंशांवर उतरला. पाच मिनिटांत तो ४९ वर परतला आणि वीस मिनिटांत ७३ वर. गवत स्वतःच्या बाष्पोत्सर्जनाने थंड राहते, गालिच्याला ती विद्या नाही, आणि त्यात भरलेली काळ्या रबराची भुकटी तर ऊन साठवूनच ठेवते. पुण्याच्या परिसरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत सकाळी दहा ते सायंकाळी पाचपर्यंत गालिचा कागदोपत्री उपलब्ध व व्यवहारात बंद असतो. मग ‘दिवसभर खेळता येते’ हा विक्रेत्याचा हिशेब कितपत खरा, हे ज्याने त्याने ठरवावे.

हॉकीने मात्र गवत की गालिचा हा वाद केव्हाच मिटवला आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ती प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली, भारत सातव्या क्रमांकावर गेला, आणि त्यानंतर गवतावरची हॉकी वरच्या दर्जाच्या स्पर्धांतून हळूहळू बाद झाली. येथे गालिचा पाण्याने भिजवून खेळतात, कारण ओल्या धाग्यावर चेंडू सरळ व वेगाने जातो आणि पडलेल्याची कातडी वाचते. खडकीच्या खडबडीत मैदानांवर वाढलेल्या धनराज पिल्ले यांच्या गावापासून फार दूर नसलेल्या नेहरूनगर-पिंपरी येथील मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियममध्ये डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती याच जातीच्या पृष्ठभागावर. पाण्याचा हिशेब कोणीही करावा: कडेच्या जागेसह सुमारे सहा हजार चौरस मीटरांवर तीन मिलिमीटर पाणी म्हणजे अठरा हजार लिटर, आणि एका दिवसात तीन सामने झाले, मध्यंतरालाही शिंपले, तर हा आकडा कोठवर जातो ते सांगावयास नको. ‘कृत्रिम म्हणजे पाणी वाचले’ असे म्हणणाऱ्याने कोणत्या खेळाविषयी आपण बोलतो हे आधी सांगावे.

आता संकरित हिरवळीकडे वळू, कारण तिच्याविषयी गैरसमज सर्वांत दाट आहेत. ही दोन गवतांची भेसळ नव्हे. वाळूच्या बैठकीत वाढलेल्या खऱ्या गवतामध्ये यंत्राने कृत्रिम धागे टाचलेले असतात. एका प्रसिद्ध पद्धतीत दर दोन सेंटीमीटरांवर एक धागा वीस सेंटीमीटर खोल जातो व दोन सेंटीमीटर वर राहतो. चौरस मीटरला अडीच हजार टाके, म्हणजे एका मैदानात पावणेदोन कोटींच्या वर. तरीही पृष्ठभागात कृत्रिम अंश शेकडा तीन-पाचच भरतो. गवताची मुळे या धाग्यांना वेढतात, त्यामुळे बूट वळला तरी ढेकूळ निघत नाही आणि चेंडू ज्या जमिनीवर उसळतो ती हंगामभर एकसारखी राहते. भारतात क्रिकेटची पहिली संकरित खेळपट्टी २०२४ साली धर्मशाला येथे बसली. परंतु मी आरंभी सांगितलेला हरळीचा भेद येथे आठवावा. युरोपातील झुबकेदार गवताला जो आधार धागा देतो, तो आधार हरळीची खोडे बऱ्याच अंशी स्वतःच देतात. म्हणून आमच्या हवेत धाग्यामुळे मिळणारा लाभ युरोपाइतका मोठा नाही. त्याउलट हरळीला ऊन हवे, आणि जुलै-ऑगस्टच्या झाकोळात ती फिकी पडते. उंच प्रेक्षागृहाच्या सावलीत तर ती विरळच होते. अशा जागी गवत गेले तरी धागा उभा राहतो, हा संकरित हिरवळीचा आमच्याकडचा खरा उपयोग. पण ज्या मैदानाखाली काळी माती आहे त्यात धागे टाचणे म्हणजे ढासळत्या भिंतीला गिलावा करणे होय. शिवाय वर्षातून एकदा वरचे सर्व गवत व साचलेला काडीकचरा यंत्राने खरवडून, धागे तेवढे राखून, नवे गवत उभे करावे लागते. ते यंत्र आणि ते चालवणारा जाणकार हाताशी नसेल तर तीन-चार वर्षांत धागे कुजक्या थराखाली गाडले जातात आणि उरते ते महाग झालेले साधे मैदान.

खर्चाचे प्रकरण लेखकाने सविस्तर मांडले आहे, तरी त्याची एक किल्ली येथे देतो: वर्षाचा खर्च विचारू नये, खेळाच्या तासाचा विचारावा. समजा, एका कारखान्यात वीस खात्यांचे संघ आहेत आणि प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दीड तास हवा आहे. मागणी साठ तासांची झाली. नैसर्गिक मैदान माझ्या अनुभवाने आठवड्याला दहा-पंधरा तासांपुढे नेले की गोलपुढची जमीन उघडी पडू लागते, चांगल्या वाळूवर याहून थोडे अधिक. म्हणजे गवताचा खर्च कमी भासला तरी मागणीचा चौथा हिस्साच तो भागवतो. त्यात पाणी: भर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर सात हजार चौरस मीटरांना पस्तीस हजार लिटर, दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. ज्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे पिण्याचे पाणी हिरवळीवर घालण्याची मंजुरी कोणी मागू नये. सांडपाणी शुद्ध करून मिळणारे पाणी हाच मार्ग, आणि हरळी त्यातला खारटपणा बऱ्यापैकी सोसते, मात्र पावसाळ्यात ते क्षार धुऊन जाण्यासाठी तळाचा निचरा शाबूत हवा.

गालिच्याचा जमाखर्च याच्या उलट फसवा असतो. पहिल्या वर्षी सर्व खर्च दिसतो आणि पुढील सात वर्षे काहीच दिसत नाही, म्हणून समिती खूष. प्रत्यक्षात आठ-दहा वर्षांनी धागा झिजून आडवा होतो, आणि नवा गालिचा घ्यावा लागतो. म्हणून पहिल्याच वर्षापासून त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा घसारा म्हणून बाजूला ठेवण्याचा शिरस्ता हवा. असा निधी ठेवणारी समिती माझ्या पाहण्यात एकच आली. दर आठवड्याला ब्रश फिरवणे, गोलपुढची हललेली भरणी पुन्हा भरणे, शिवणी तपासणे ही कामे केली नाहीत तर भरणी घट्ट होते आणि उसळी वर्षागणिक चढत जाते. चेंडूची परीक्षा सहा महिन्यांनी केल्यास हा चढ दुखापतींच्या आधी दिसतो. जुना गालिचा टाकायचा कोठे, हाही खर्चच आहे. युरोपीय संघाने तर २०२३ च्या नियमाने रबर-भरणीची विक्री आठ वर्षांच्या मुदतीने, म्हणजे २०३१ पासून, बंद करावयाचे ठरवले आहे, कारण ती भुकटी बुटांतून, गटारांतून नदीत जाते. आपल्याकडची नदी पवना आणि इंद्रायणी. आधीच त्यांच्या पदरात काय-काय पडले आहे ते काठावरचे लोक जाणतात.

मला विचाराल तर या पट्ट्यातील मध्यम कारखान्याने एक छोटा गालिचा, खाली लवचिक थर घालूनच, रोजच्या सायंकाळच्या सरावासाठी ठेवावा. सामन्यांसाठी वाळूच्या बैठकीवर हरळीचे मैदान करावे आणि आठवड्याला त्यावर बारा तासांहून अधिक पाय पडू देऊ नये. संकरित हिरवळ मोठ्या प्रेक्षागृहांना शोभेल. लेखकाचे मत या शेवटल्या मुद्द्यावर माझ्याहून उदार आहे आणि त्याची कारणे त्याने सातव्या प्रकरणात दिली आहेत. वाचकाने ती वाचून मला चूक ठरवण्यास हरकत नाही. पुस्तिकेच्या अखेरीस मैदानाच्या नोंदवहीचा एक नमुना छापला आहे. तारीख, जागा, पाच टप्प्यांची सरासरी, त्या आठवड्यातले खेळाचे तास आणि दिलेले पाणी एवढेच रकाने त्यात आहेत. पहिली नोंद मे महिन्याच्या अखेरीस, पहिला वळीव येण्यापूर्वी करावी, आणि दुसरी जुलैच्या मध्यास, त्याच तीन जागी, त्याच चेंडूने.